सेंटरिंग मालाचे भाडेबिल: चार दशकांचा मागोवा

ओतलेल्या स्लॅबचे काँक्रीट स्वतःचा भार पेलण्याइतके बळकट होईपर्यंत त्याला खालून आधार देणारा जो तात्पुरता सांगाडा उभारावा लागतो, त्याचा माल भाड्याने देण्याचा व्यवसाय गेल्या चार दशकांत तालुक्याच्या गावांपर्यंत पसरला. आणि या काळात बांधकामाच्या रीतीत जे स्थित्यंतर घडले, त्याची खूण त्या मालाच्या भाडेबिलात स्पष्ट उमटलेली आहे.

वासे, बल्ल्या आणि फळ्या यांच्या काळी वासा गरजेप्रमाणे कापला जाई, फळीत खिळे ठोकले जात, आणि परत येणारा माल हा गेलेलाच माल आहे असे खात्रीने म्हणता येत नसे. म्हणून भाडे स्लॅबमागे ठोक ठरवावे आणि कापाकापीचे नुकसान त्यातच धरावे, हाच व्यवहार सोयीचा होता. पुढे तीन फूट लांब, दोन फूट रुंद अशी पोलादी प्लेट आणि उंची कमीजास्त करता येणारा जॅक रूढ झाला, तेव्हा प्रत्येक नग दुसऱ्या नगासारखा झाला. तो मोजता आला, त्याची किंमत ठरवता आली, आणि रोजच्या दराचे बिल खऱ्या अर्थाने शक्य झाले.

कराचा रकानाही याच काळात वाढला. १९८२ च्या सेहेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालाच्या वापराचा हक्क देण्यावर विक्रीकर लावण्याची मुभा राज्यांना दिली, महाराष्ट्राने १९८५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर.

किमान भाड्याविषयी ग्राहकाची नाराजी जुनी आहे. परंतु गाडीत माल चढवणे, मोजणे, परत आल्यावर खरवडून तेल लावणे हा खर्च माल पाच दिवस राहो वा पंचवीस, सारखाच पडतो. याहून चिंतेची बाब निराळी आहे. आय.एस. ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबखालील टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात निदान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यात चौदा दिवस, आणि सहा मीटरहून लांब तुळईखाली एकवीस दिवस काढू नयेत. आणि किमान मुदत सरल्यावर रोजचे मीटर चालू झाले की नेमके हेच टेकू घाईने सोडवण्याचा मोह कंत्राटदाराला होतो.

एक हिशेब उदाहरणादाखल मांडू. बाराशे चौरस फुटांच्या स्लॅबसाठी २०० प्लेटा प्रत्येकी रोज २ रुपये आणि १२० जॅक प्रत्येकी रोज दीड रुपया, म्हणजे दिवसाचे ५८० रुपये; किमान मुदत पंधरा दिवस, जाण्याचा व येण्याचा दोन्ही दिवस मोजायचे, अनामत २०,००० रुपये. बाराव्या दिवशी १४० प्लेटा व ८० जॅक परत आले, तरी पंधरा दिवसांचे ८,७०० रुपये पूर्ण लागले. उरलेला माल एकविसाव्या दिवशी आला. सहा दिवसांचे रोज १८० प्रमाणे १,०८० रुपये. भाडे ९,७८०, त्यावर अठरा टक्के कर १,७६०.४०, एकूण ११,५४०.४०. शेवटच्या खेपेत दोन प्लेटा वाकलेल्या, एक हरवलेली आणि दोन जॅकांच्या पिना गेलेल्या निघाल्या. आधी ठरलेल्या दरांप्रमाणे भरपाई ३००, ११०० आणि १००, म्हणजे १,५०० रुपये. अनामतीतून हे सारे वजा जाता ६,९५९.६० रुपये ग्राहकाला परत मिळाले.

या बिलात तंट्याची जागा दराची नसून परतीच्या मोजणीची आहे. प्लेट वाकली आहे की नाही हे तिची कड सरळ प्लेटेच्या कडेला टेकवून पाहिले म्हणजे कळते: मध्ये फट दिसली की ती वाकलेली. पण ती आधीच तशी गेली होती की काय, हे जावक चलनावरील नोंदीवाचून कोण सांगणार? १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ भाडेकऱ्याकडून सामान्य सुज्ञ माणसाइतकीच काळजी मागते; वापराने होणारी साधी झीज त्याच्या माथी मारण्याचा हक्क दुकानदारास नाही. हरवलेल्या नगाचे भाडे कोणत्या दिवशी थांबणार, ही अटही बहुतेक पावत्यांवर नसते, आणि महिनोगणती वाढणाऱ्या थकबाकीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. अनामत ही भाड्याची रक्कम नव्हे, म्हणून ती घेतेवेळी तिच्यावर कर लागत नाही. ती भाड्यापोटी वळती केली की मात्र लागतो. यास्तव भाडे, कर, भरपाई आणि परतावा या चार ओळी बिलात वेगळ्याच दिसल्या पाहिजेत.

माल गाडीत चढत असता वाकलेल्या प्लेटा बाजूस काढून त्यांची संख्या चलनावर लिहवून घ्यावी आणि मगच सही करावी, एवढी विनंती घर बांधणाऱ्या प्रत्येकास आहे.