लॉट परत करण्याचा दिवस

सकाळी ८:२०. इनवर्डला टेम्पो लागला. चलनावर १२०० पिना, २० मिलिमीटर व्यासाच्या, हार्डनिंग आणि ग्राइंडिंग करून वर झिंक प्लेटिंग केलेल्या. आमच्या लिफ्टिंग जोडणीत ही पिन बुशमध्ये हाताने सरकत जाऊन बसायला हवी. स्टोअरचे मामा जीआरएन काढत होते, तोवर मी खोक्यांच्या वेगवेगळ्या थरांतून ८० पिना उचलल्या. नुसत्या वरच्या थरातल्या घेतल्या, तर पॅकिंग करणाऱ्याने जे वर ठेवलंय तेवढंच दिसतं.

मोजायला लगेच बसले नाही. मे महिन्यात टेम्पोतून उतरलेलं लोखंड लॅबपेक्षा दहाएक अंशांनी गरम असतं. २० मिमीच्या पिनेत तेवढ्याने दोन मायक्रॉनांहून थोडा जास्त फरक पडतो. आज भांडण मायक्रॉनांचंच होऊ शकतं, म्हणून पिना ट्रेमध्ये मांडून दोन तास २० अंशांवर ठेवल्या. तेवढ्या वेळात कागद वाचले.

सप्लायरच्या तपासणी रिपोर्टवर व्यास १९.९७२ ते १९.९९६. ड्रॉइंगवर १९.९६७ ते २०.०००. कागदावर माल चोख. प्लेटिंगवाल्याचं सर्टिफिकेट वेगळ्या पानावर होतं. त्याची तारीख १३, तपासणी रिपोर्टची ११. दोन्ही पानं शेजारी ठेवून पेन्सिलीने दोन्ही तारखांभोवती गोल केला.

१०:३०. गो रिंग गेज पुसून घेतला. पहिली पिन गेली, दुसरी गेली, तिसरी तोंडावरच अडली. पिन फिरवून बघितली, कापडाने पुसून पुन्हा लावली, तरी अडली. गेजवर जोर करायचा नाही, नाहीतर गेजच खराब होतो. मायक्रोमीटर २० मिमीच्या स्लिप गेजवर तपासून शून्य बरोबर असल्याची खात्री केली आणि ती पिन मोजली: २०.०११.

५०१ ते १२०० नगांच्या लॉटसाठी आयएस २५०० च्या तक्त्यात ८० नगांचा नमुना येतो. आमच्या ऑर्डरप्रमाणे एक्यूएल १.०, म्हणजे दोन नग बाद निघाले तरी लॉट चालतो, तिसऱ्याला लॉट नामंजूर. तिसरी बाद पिन अकराव्या नगालाच सापडली. निर्णय तिथेच झाला होता, तरी ८० च्या ८० मोजल्या. सप्लायरला नुसतं ‘बाद’ कळवून त्याच्या हाती काहीच लागत नाही. सगळे आकडे पाहिले की चूक कुठे झाली ते त्याला स्वतःला दिसतं. ३१ पिना जाड निघाल्या, सर्वांत मोठी २०.०१४. खालच्या मर्यादेखाली एकही नाही.

मग कोटिंगची जाडी घेतली. एका बाजूला ८ ते १० मायक्रॉन, ड्रॉइंगला हवी तशी. प्लेटिंगवाल्याचं काही चुकलं नव्हतं. सप्लायरने ग्राइंडिंगनंतर व्यास मोजला आणि तोच आकडा अंतिम म्हणून लिहिला. प्लेटिंग दोन्ही बाजूंना चढतं, म्हणजे व्यास १६ ते २० मायक्रॉनांनी वाढतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘मापे प्लेटिंगनंतरची’ अशी टीप आहे. बारीक अक्षरात असली तरी आहे.

१२:१५. लाल टॅग, तारीख, सही. खोकी उचलून नामंजूर मालाच्या जाळीत, जाळीला कुलूप. हे रिपोर्टच्या आधी करते. कुलूप नसेल तर संध्याकाळपर्यंत दोन खोकी लाइनवर गेलेली असतात.

तसंच झालं असतं. पावणेएकला असेंब्लीचे सुपरवायझर आले. “मॅडम, दहा मायक्रॉनांसाठी लाइन थांबवणार? नायलॉनच्या हातोड्याने बसतात की.” उद्या पहिल्या पाळीला त्यांना ३०० पिना हव्या होत्या आणि त्यांची अडचण खरी होती. त्यांना जाळीजवळ नेलं, २०.०१४ ची पिन आणि एक बुश हातात दिला. त्यांनी ठोकून बसवली, काढली, आणि दोघांनी खिडकीपाशी पाहिली. पिनेवर झिंक खरवडून एक लांब राखाडी पट्टा उठला होता आणि त्याचा चुरा बुशच्या तोंडाशी जमला होता. गंज तिथूनच धरतो, आणि जी पिन फिरायला हवी ती अडकून बसते. ते काही बोलले नाहीत. “३०० चं काय करता येतं ते बघा,” एवढंच म्हणाले.

२:००. रिपोर्ट. ऑर्डर नंबर, चलन, ड्रॉइंगची आवृत्ती, नमुन्याची संख्या, गेज आणि मायक्रोमीटरचे नंबर व कॅलिब्रेशनच्या तारखा, ८० रीडिंगचा तक्ता, कोटिंगची जाडी, अडलेल्या पिनेचा फोटो. ‘दर्जा खराब’ असे शब्द मी लिहीत नाही. लिहिलं: “व्यासाची वरची मर्यादा २०.०००. ८० पैकी ३१ नग २०.००१ ते २०.०१४. लॉट नामंजूर.”

मेल पाठवण्याआधी फोन केला. माणसाला आधी कानाने कळलेलं बरं. पलीकडे वर्कशॉपचे मालक, वडिलांच्या वयाचे.

“काका, तुमचा ११ तारखेचा रिपोर्ट प्लेटिंगच्या आधीचा आहे का?”

थोडा वेळ मशिनचाच आवाज आला. “आधीचाच आहे. पोरानं तिथंच मोजून लिहिलं असणार.”

२:४५. मेलमध्ये रिपोर्ट जोडला आणि खाली दोन टप्प्यांत प्रस्ताव लिहिला. आज तुमची माणसं पाठवून आमच्याकडे सगळ्या १२०० पिना गो आणि नो-गो गेजने निवडा. बसतील त्या आम्ही घेऊ, निवडीचा खर्च तुमचा. जाड निघतील त्या परत न्या, सुधारून द्या किंवा नव्या द्या.

सुधारणं शक्य आहे, कारण पिना जाड आहेत. बारीक असत्या तर सरळ भंगारात. पण नुसतं घासून माप आणलं तर झिंक पातळ होतं, म्हणून ते चालणार नाही असं स्पष्ट लिहिलं. झिंक उतरवायचं, ग्राइंड करायचं, पुन्हा प्लेटिंग. कोटिंग ८ ते १२ मायक्रॉन धरलं तर व्यासावर १६ ते २४ चढतात. म्हणून प्लेटिंगआधीचं माप १९.९५१ ते १९.९७६ मध्येच हवं.

यातली खरी जोखीम मापाची नाही. झिंक ॲसिडमध्ये उतरवताना आणि पुन्हा चढवताना, दोन्ही वेळा हायड्रोजन पोलादात शिरतो. हार्डनिंग केलेली पिन त्याने ठिसूळ होते आणि भाराखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, गेजही पकडत नाही. म्हणून अट घातली: प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत, १९० ते २२० अंशांवर किमान ८ तास, आणि भट्टीचा तापमानाचा चार्ट मालासोबत. चार्ट जमत नसेल तर नव्या पिना द्या. या एका अटीवर मी सूट देत नाही.

४:३०. काका स्वतः दोन पोरांना घेऊन आले, सोबत त्यांचा मायक्रोमीटर. हे मला आवडतं. एकच पिन दोघांनी मोजली: त्यांची २०.०१०, माझी २०.०११. त्यानंतर मापावरून वाद उरला नाही. पोरं जाळीपाशी गेज घेऊन बसली. जाणाऱ्या पिना निळ्या ट्रेमध्ये, अडणाऱ्या लाल ट्रेमध्ये.

७:१०. ५२० निवडून झाल्या, ३१८ बसल्या. त्या मोजून घेतल्या आणि सुपरवायझरच्या सहीने लाइनला दिल्या. उरलेलं उद्या सकाळी. जाड पिनांपैकी पाच मी रीडिंगची चिठ्ठी लावून पाकिटात सील करून ठेवल्या, तीन काकांना दिल्या.

काका निघताना ड्रॉइंगची प्रत टेबलावर पसरून उभे होते. खिशातला लाल पेन काढून त्यांनी व्यासाच्या आकड्याशेजारी लिहिलं, ‘ग्राइंडिंग १९.९५१–१९.९७६’, आणि ज्या पोराने ११ तारखेला माप लिहिलं होतं त्याला बोलावून ते वाचायला सांगितलं.