ठाऊक होतं, तरी पहिला हक्क त्याचाच

१९१५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे मोनोलिथिक बिल्डिंग कंपनीचा खटला आला. कंपनीने जमीन गहाण टाकून कर्ज काढलं होतं. पण त्या बोज्याची २१ दिवसांत निबंधकाकडे नोंद झालीच नाही. पुढे कंपनीने आपल्याच व्यवस्थापकीय संचालकाला डिबेंचर दिलं. आधीचा बोजा त्याला पक्का ठाऊक होता. नोंद मात्र त्याने चोख केली.

अग्रक्रम त्यालाच मिळाला!

नोंद नसलेला बोजा कायद्याने इतर धनकोंपुरता रद्द ठरवला होता आणि नुसती माहिती असणं म्हणजे लबाडी नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. पहिल्याचं कर्ज बुडालं नाही. जमिनीतून वसुली मागे पडली.

भारतात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०० मोबदला देऊन, पण बोजा ठाऊक नसताना मिळकत घेणाऱ्यालाच वाचवतं. कंपनीला कर्ज देताना मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात घ्याच.