फुकट हायपरवायझरचं खरं बिल

एकाच सर्व्हरवर अनेक स्वतंत्र आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीला हायपरवायझर म्हणतात. लहान कंपन्या वर्षानुवर्षं व्हीएमवेअरची मोफत ईएसएक्सआय आवृत्ती वापरत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, कायमस्वरूपी परवान्यांच्या जागी वर्गणी आणली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद केली. एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली. पण बॅकअपची सॉफ्टवेअर तिच्यातून पूर्ण आभासी संगणकाची प्रत घेऊ शकत नाहीत. धंद्याचा डेटा ठेवायचा तर ही उणीव मोठी आहे.

समजा, भोसरीतल्या एका कारखान्याकडे १६ कोअरचे दोन सर्व्हर आहेत. टॅली, फाइल सर्व्हर आणि लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर असे तीन विंडोज आभासी संगणक आणि एक लिनक्सचा चालवायचा आहे. हिशेबाची सुरुवात विंडोजपासून करावी. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका परवान्यात १६ कोअरच्या सर्व्हरवर दोन विंडोज आभासी संगणक बसतात. तिनांसाठी दोन परवाने लागतात. एक सर्व्हर बंद पडल्यावर तेच तीन दुसऱ्यावर चालवायचे असतील, तर तिथेही तेवढेच घ्यावे लागतात. हायपरवायझर कोणताही असो, हा खर्च टळत नाही. त्याच परवान्यात हायपर-व्ही येतो, आणि दर काही मिनिटांनी दुसऱ्या सर्व्हरवर ताजी प्रत पाठवणारी रेप्लिका सोयही. म्हणून या कारखान्यासाठी हायपर-व्ही हाच सरळ पर्याय आहे.

बहुतेक काम लिनक्सवर असतं, तर मी प्रॉक्समॉक्स सुचवला असता. व्हिएन्नातल्या कंपनीची ही मुक्त प्रणाली आहे. ब्राउझरमधून नियंत्रण, ठरलेल्या वेळी बॅकअप, सर्व्हरची जोडणी हे सारं तिच्यात मोफत मिळतं. वार्षिक वर्गणी प्रोसेसरमागे असते. तिच्यातून अधिक तपासलेली अपडेट्स मिळतात आणि वरच्या टप्प्यांत मदतही. मात्र दोनच सर्व्हर जोडले आणि एक बंद पडला, तर उरलेल्याकडे बहुमत राहत नाही आणि तो आभासी संगणक सुरू करायला नकार देतो. त्यासाठी मत देणारं तिसरं छोटं यंत्र आधीच जोडून ठेवावं लागतं.

मदतीचा करार वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात: वर्षाला किती तक्रारी नोंदवता येतात आणि उत्तर कोणत्या वेळेत मिळतं. प्रॉक्समॉक्सची स्वतःची मदत ऑस्ट्रियातल्या कामाच्या वेळेत मिळते, आणि आपली घड्याळं तिथल्यापेक्षा साडेतीन ते साडेचार तास पुढे आहेत. सकाळी पाळी सुरू होताना सर्व्हर अडला, तर तिथे अजून कार्यालय उघडलेलं नसतं. अशा वेळी जवळचा जाणकार लागतो, आणि त्याचं मानधन हिशेबात धरलंच पाहिजे.

निर्णयाआधी एक चाचणी नक्की करावी. टॅलीचा आभासी संगणक बॅकअपवरून दुसऱ्या सर्व्हरवर उभा करावा, एक व्हाउचर उघडून पाहावं आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. तेवढा वेळ बिलिंग थांबलेलं परवडत नसेल, तर अधिक मदतीसाठी पैसे मोजणं रास्त आहे.