खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

सहावीत वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत आलेली ती मुलगी खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणायची आणि कडेला बसून राहायची. पळण्यात आपण मागे पडतो आणि मग सगळे हसतात, हे ती आधीच्या शाळेत शिकली होती. खेळाच्या बाईंनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, आणि ‘कच्चा लिंबू’ म्हणून तिला नुसतं रिंगणात फिरूही दिलं नाही. कच्चा लिंबू बाद होत नाही हे खरं, पण त्याच्यावाचून कुणाचं अडतही नाही. बाईंनी तिला खो-खोच्या रांगेतला मधला चौकोन दिला.

खो-खोत आठ जणी रांगेत बसतात, एकीआड एक उलट दिशेला तोंड करून. नववी पाठलाग करते, पण तिला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्यांमधून हवी तशी इकडून तिकडे निसटते. तिला पलीकडे लगेच गाठायचं तर पलीकडे तोंड करून बसलेलीला पाठीमागून खो द्यावा लागतो. नववी कितीही वेगवान असली तरी एकटीने डाव काढणं अवघडच. खुंटाजवळच्या चौकोनांत झेप घेणाऱ्या मुली लागतात. मधलीला मात्र उठून चार पावलांत पुढचा खो देता आला तरी चालतं.

सुरुवातीला पळणारी कुणी नव्हतीच. सगळ्या चालत चालत एकमेकींना खो देत होत्या. दोन्ही हात जमिनीला, एक पाय मागे, हात पाठीला लागून ‘खो’ ऐकू येईपर्यंत उठायचं नाही, एवढंच शिकायचं होतं. घाबरून ती आधीच उठायची. तो फाऊल, आणि मुली वैतागायच्या. मग बाई तिच्या मागे उभ्या राहून मुद्दाम उशिरा खो द्यायच्या. थांबणं अंगवळणी पडायला बरेच आठवडे गेले.

पळणारी आल्यावर खरी अडचण कळली. खो तिच्या चौकोनावरून पुढे जायचा. मुली हे ठरवून करत होत्या असं मला वाटत नाही. घाईत माणूस खात्रीच्या गड्याकडेच वळतो. बाई वहीत चौकोनांपुढे रेघा मारत, तेव्हा तिच्यापुढची जागा कोरी राहिलेली दिसली. म्हणून सरावापुरता नियम झाला: प्रत्येकीला खो मिळाल्याशिवाय कुणालाही दुसरा खो नाही. आता तिला टाळून डाव पुढे जाईना, तेव्हा शेजारणीच तिला कुठे बघायचं ते सांगू लागल्या.

एका डावात पळणारीने हुलकावणी दिली. ही दोन पावलं धावली, थांबली आणि पुढच्या चौकोनाला खो दिला. गडी तिसरीने टिपला. सगळ्यांनी आधी हिच्या पाठीवर थाप मारली.

आंतरशालेय सामन्यात हा नियम लावता येत नाही, आणि त्या वर्षी बारा जणींच्या संघात तिचं नाव नव्हतं. पोटदुखी मात्र बंद झाली होती. खेळाच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा तरी अशा रेघा मारून पाहाव्यात आणि कोरी जागा कुणापुढे आहे ते बघावं.