भाल्यांचे रान आणि उघडी पाठ

इ.स.पू. १९७. उत्तर ग्रीसमधल्या थेसली प्रांतात कायनोसेफली नावाच्या टेकड्यांवर मॅसेडोनियाचा राजा पाचवा फिलिप आणि रोमन सेनापती फ्लॅमिनिनस यांच्या फौजा समोरासमोर आल्या. दोन्हीकडे पंचवीस हजारांच्या आसपास माणसे होती. फिलिपच्या फौजेतले सोळा हजार सैनिक फॅलँक्समध्ये, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या भालाइतांच्या दाट व्यूहात लढणारे होते. या व्यूहाने त्याआधी दीडशे वर्षे रणांगण गाजवले होते. तो कशामुळे जिंकत असे आणि कशामुळे कोसळला, या दोन्ही गोष्टी त्या एकाच दिवशी, एकाच डोंगरउतारावर दिसल्या.

आधी हा व्यूह आतून कसा होता ते पाहू. मॅसेडोनियन सैनिकाच्या भाल्याला सरिसा म्हणत. तो सहा मीटरांहून लांब असे. वजन इतके, की तो पेलायला दोन्ही हात लागत. त्यामुळे ढाल हातात धरून फिरवायची सोयच नव्हती. ती छोटी, गोल ढाल पट्ट्याने गळ्यात अडकवून डाव्या खांद्यावर घेत. सैनिक भाला मागच्या बाजूने धरी. सुमारे पावणेदोन मीटर त्याच्या हातांत व पाठीमागे राही आणि साडेचार मीटर पुढे जाई. एका मागोमाग एक अशा सोळा रांगा उभ्या राहत आणि दोन रांगांत जेमतेम तीन फुटांचे अंतर असे. आता हिशेब करून पाहा. पहिल्या रांगेचे भाले साडेचार मीटर पुढे, दुसऱ्या रांगेचे त्याहून तीन फूट मागे, तिसरीचे आणखी तीन फूट मागे. पाचव्या रांगेतल्या सैनिकाच्या भाल्याचे टोकही पहिल्या रांगेच्या पुढे तीन फूट येते. शत्रूला व्यूहातला पहिला माणूस गाठायचा तर एकामागे एक लावलेली पाच टोके ओलांडावी लागत.

हा हिशेब आपल्याला पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराने दिला आहे. तो स्वतः लष्करात अधिकारी होता आणि पुढे रोममध्ये बरीच वर्षे राहिला, म्हणून दोन्ही युद्धपद्धती त्याला जवळून ठाऊक होत्या. तो आणखी एक मुद्दा मांडतो. रोमन शिपाई तलवारीने लढतो, त्याला हात फिरवायला आजूबाजूला मोकळी जागा लागते. म्हणून एका रोमन शिपायासमोर फॅलँक्सचे दोन सैनिक येतात आणि त्याच्यावर दहा भाले रोखलेले असतात. एकट्याने दहा भाले छाटता येत नाहीत, की बाजूला सारून आत शिरता येत नाही. सहाव्या रांगेपासून मागचे सैनिक भाले तिरपे वर धरत. वरून येणारे बाण आणि फेकभाले त्या जंगलात अडकत. शिवाय ते पुढच्यांना अंगाच्या भाराने रेटत, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या माणसाला मागे फिरता येत नसे. समोरून या व्यूहाला उत्तर नाही, हे पोलिबियसचे मत मला पूर्णपणे पटते.

त्या दिवशीही समोरून उत्तर मिळाले नाही. आदल्या पावसानंतर सकाळी दाट धुके होते. दोन्हीकडच्या पुढच्या तुकड्या टेकडीवर अचानक एकमेकींवर आदळल्या. मदतीला कुमक जात राहिली आणि चकमकीचे युद्ध झाले. जागा खडबडीत असल्याने फिलिपला तिथे लढायचे नव्हते, पण शत्रू पळतो आहे असे निरोप येत राहिले आणि अखेर तो उजवी बाजू घेऊन माथ्यावर चढला. तिथे त्याने रांगा दुप्पट खोल केल्या, माणसे उजवीकडे दाटीने उभी केली आणि भाले खाली रोखून उतारावरून हल्ला चढवला. खालून येणारी रोमन डावी बाजू तो भार झेलू शकली नाही आणि मागे मागे सरकत गेली.

फ्लॅमिनिनसने तिथे हट्ट धरला नाही. तो आपल्या उजव्या बाजूकडे गेला. त्याच्यासमोरची मॅसेडोनियन डावी बाजू अजून माथ्यावर येतच होती. काही तुकड्या कूच करताना असतात तशा लांबट ओळींत होत्या, व्यूह बांधून झालेला नव्हता. फ्लॅमिनिनसने हत्ती पुढे घातले, मागून पायदळ सोडले आणि ती बाजू भाले रोखण्याआधीच उधळली.

मग एका रोमन अधिकाऱ्याने दिवसाचा निकाल फिरवला. त्याचे नाव पोलिबियसने दिलेले नाही, पण पद सांगितले आहे: ट्रिब्यून. विजयी रोमन उजवी बाजू पळणाऱ्यांच्या मागे लागली होती. त्या धावपळीत या माणसाला दिसले, की डावीकडे फिलिपचे भालाइत आपल्या माणसांना रेटत उतारावरून बरेच खाली गेले आहेत आणि त्यांची पाठ आपल्याकडे आहे. त्याने वीसेक तुकड्या, म्हणजे साधारण दोन हजार शिपाई, पाठलागातून काढून घेतले, वळवले आणि थेट त्या पाठीवर नेले.

आता त्या व्यूहाच्या आत उभे राहून विचार करा. मागून तलवारी आल्या आहेत. वळायचे तर हातातला सहा मीटरांचा भाला आधी सरळ उभा करायला हवा, कारण पुढच्या माणसांच्या मधून गेलेला तो आडवा फिरवताच येत नाही. मग अंग वळवायचे आणि भाला पुन्हा खाली आणायचा. हे आजूबाजूच्या सगळ्यांनी एकाच वेळी केले तरच जमते आणि तेही शत्रू अंगावर येण्याआधी. शिवाय पुढची लढाई थांबलेली नाही. पाठ वळवली, तर आत्तापर्यंत मागे हटणारा रोमन शिपाई त्याच पाठीत तलवार खुपसणार. भाला टाकून दिला, तर हाती उरते आखूड तलवार आणि खांद्यावरची छोटी ढाल. समोर मात्र अंगभर ढाल घेऊन एकेकट्याने लढायला तयार केलेला शिपाई. ज्या दाटीमुळे पाच टोके पुढे येत होती, तिनेच माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवले होते.

मागे हटणारे रोमनही आता उलटले. मॅसेडोनियन सैनिकांनी भाले उभे केले. ती त्यांची शरण येण्याची खूण होती. रोमनांना ती कळली नाही आणि फ्लॅमिनिनसला कोणी समजावून सांगेपर्यंत कत्तल सुरू झाली होती. मॅसेडोनियाचे सुमारे आठ हजार मारले गेले, पाच हजार पकडले गेले. रोमनांचे सातशे गेले.

मग सिकंदर याच व्यूहाच्या जोरावर कसा जिंकला? त्याने फॅलँक्सकडून लढाई जिंकण्याची अपेक्षा क्वचितच केली. शत्रूला समोर अडकवून ठेवायचे, एवढेच तिचे काम. घाव घालायचे ते त्याचे घोडदळ. फॅलँक्स आणि घोडदळ यांच्यामधली खिंड भरून काढायला चपळ पायदळ असे. गॉगामेलाच्या मैदानात इराणी फौज वेढा घालील हे ओळखून त्याने मागे दुसरी फळी उभी केली होती आणि गरज पडल्यास मागे तोंड करण्याचा हुकूम तिला आधीच दिला होता. फिलिपकडे सोळा हजार भालाइतांच्या मानाने घोडेस्वार होते दोन हजार. बगल आणि पिछाडी सांभाळायला मोकळी फळी नव्हती. रोमनांकडे मात्र तुकडीचा नायक स्वतःहून वीस तुकड्या वळवू शकत होता, कारण प्रत्येक तुकडी एकटीने लढायला शिकलेली होती.

एकोणतीस वर्षांनी, इ.स.पू. १६८ मध्ये पिडना इथे, फिलिपचा मुलगा पर्सियस पुन्हा तोच व्यूह घेऊन उतरला. रोमन सेनापती एमिलियस पॉलस त्या पुढे सरकणाऱ्या भाल्यांकडे पाहून हादरला होता आणि पुढे अनेकदा ते बोलूनही दाखवी. सपाटीवर त्याचे शिपाई मागे रेटले गेले. पण फॅलँक्स चढाच्या उंचसखल जमिनीवर आली, तशी काही माणसे पुढे गेली, काही मागे राहिली आणि रांगेत फटी पडल्या. पॉलसने छोट्या तुकड्यांना सांगितले, की सरळ रांगेवर आदळू नका, जिथे फट दिसेल तिथे शिरा. आत शिरलेल्या शिपायाला दोन्ही बाजूंना उघड्या बगला मिळाल्या. तासाभरात निकाल लागला, पर्सियस पुढे कैद झाला आणि रोमने मॅसेडोनियाचे राज्य मोडून त्याचे चार तुकडे केले.