उणे दोन पूर्णांक एक म्हणजे काय?

हाडांच्या घनतेच्या अहवालातला टी-स्कोअर ही तुलना असते. डेक्सा यंत्र कंबरेचे मणके आणि खुबा यांतील खनिजाचे प्रमाण मोजते आणि ते निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी ताडून पाहते. तरुणपणीही सगळ्यांची हाडे सारखी दाट नसतात. सरासरीच्या मागेपुढे होणारा हा नेहमीचा फरक म्हणजे टी-स्कोअरचे एक एकक. त्यामुळे उणे २ म्हणजे दोन टक्के घट नव्हे. घट त्याहून बरीच जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार उणे १ पर्यंत घनता सामान्य, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधली ऑस्टिओपेनिया, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. शेजारी छापलेला झेड-स्कोअर समवयस्क स्त्रियांशी तुलना करतो. पाळी गेल्यावर निदान ठरते ते टी-स्कोअरवरूनच.

समजा, ६२ वर्षांच्या एका स्त्रीच्या अहवालात मणक्यांचा एकत्रित आकडा उणे १.३ आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा उणे २.१ आहे. मणक्यांचा आकडा पाहून हायसे वाटते. पण आतल्या तक्त्यात वरचे दोन मणके उणे २.२ आणि उणे २, तर खालचे दोन उणे ०.७ आणि उणे ०.५ असे दिसतात. शेजारच्या मणक्यांत एका एककाहून जास्त तफावत असली की खालच्या मणक्यांवर वयोमानाने हाड वाढले आहे का, किंवा एखादा मणका दबला आहे का, हे पाहावे लागते. यंत्राला ही वाढही घनताच वाटते. असे मणके वगळले की याच स्त्रीचा मणक्यांचा आकडा उणे २.१ च्या आसपास येतो.

तरीही टी-स्कोअर एकटा फ्रॅक्चरचा धोका सांगत नाही. त्यासाठी फ्रॅक्स नावाचे गणित वापरतात. त्यात वय, वजन, आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांचे खुब्याचे फ्रॅक्चर, स्टिरॉइड, धूम्रपान अशा गोष्टी विचारात घेतल्या जातात. भारतासाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. उत्तर ‘१२ टक्के’ आले, तर अशा शंभर स्त्रियांपैकी सुमारे बारा जणींना पुढील दहा वर्षांत मणका, खुबा, मनगट किंवा खांदा यांपैकी कुठेतरी फ्रॅक्चर होण्याची शक्यता असते. खुब्याचा धोका वेगळा दिलेला असतो, आणि तो आकडा लहान दिसला तरी त्याकडे दुर्लक्ष करू नये. मात्र वारंवार तोल जाणे या गणितात मोजलेले नसते, त्यामुळे ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे.

याच स्त्रीचे मनगट दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात साध्या घसरण्याने मोडले असेल, तर चित्र पालटते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे हा ठिसूळपणाचा पुरावाच असतो. अशा वेळी उणे २.५ ची रेषा ओलांडलेली नसली, तरी डॉक्टर औषधांचा विचार करतात.