एका क्लिकमागचा मुखवटा

मोकळ्या केसांच्या मुलीचा फोटो आहे, मागे हिरवी झाडं. तिच्या साडीवर क्लिक केलं, तर संगणकाला नेमकं काय हवंय? फक्त साडी, की अख्खी मुलगी? मेटानं २०२३मध्ये खुलं केलेलं ‘सेगमेंट एनीथिंग’ हे मॉडेल म्हणूनच एका क्लिकला तीन उत्तरं देऊ शकतं: पूर्ण वस्तू, तिचा भाग आणि भागाचाही भाग. हात सुटला असेल, तर हातावर आणखी एक क्लिक. मागची फांदी आत आली असेल, तर तिच्यावर ‘वगळा’चा क्लिक.

केसांपाशी मात्र क्लिक हरतात. मॉडेल मुळात फक्त २५६ बाय २५६ चौकटींचा मुखवटा काढतं आणि मग तो ताणून मोठा करतं. चार हजार पिक्सेल रुंद फोटोत एक चौकट सुमारे सोळा पिक्सेलांची होते. दोन-तीन पिक्सेलांची बट त्यात हरवणारच. शिवाय बटेच्या कडेच्या पिक्सेलमध्ये केस आणि झाड दोन्हींचे रंग मिसळलेले असतात. तिथं ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असं उत्तरच नसतं, अर्धपारदर्शक मुखवटा लागतो.

त्यासाठी फोटोशॉपमध्ये Select and Mask उघडा आणि Refine Edge Brush फक्त केसांच्या कडेवरून फिरवा. खांद्यावर तो नको. तिथली ठाम कड उगाच विरते. मग पार्श्वभूमी आधी काळी, नंतर पांढरी करून पाहा. हिरवी झाक उरली असेल, तर Decontaminate Colors वापरा, पण बेतानं, नाहीतर केसांचा मूळ रंगही बदलतो.